अटॅच बाथरूम, बाल्कनी आणि तीन चिठ्ठ्या

प्रश्न: आम्ही तिघं मित्र संभाजीनगरात फ्लॅट घेतोय. एका खोलीला अटॅच बाथरूम, दुसरीला बाल्कनी, तिसरी लहान. भाडं सारखं वाटायचं की खोलीच्या मापानं? मैत्री न बिघडता कसं ठरवावं?

उत्तर:

मापानं वाटू नका. आम्ही गारखेड्यात तसं करून पाहिलं आणि दोन दिवस त्या टेपवरूनच वाद झाला. एक तर भाड्यातला मोठा हिस्सा हॉल आणि किचनचा असतो, आणि ते सगळ्यांचंच. शिवाय खोली कशी आहे हे चौरस फुटांत दिसत नाही. आमची बाल्कनीची खोली मापानं चांगली होती, पण तोंड पश्चिमेला. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोननंतर भिंत तापायची ती रात्री अकरापर्यंत गार व्हायची नाही. अटॅच बाथरूमचंही तसंच. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, कधी त्याहून उशिरा. त्या बाथरूमला टाकीचं पाणी धड येतं का, की ड्रम भरून ठेवावा लागतो, यावर त्याची किंमत ठरते.

म्हणून किंमत टेपनं न काढता तिथं राहणाऱ्यांकडूनच काढली. आमचा खरा हिशेब सांगतो.

एकूण भाडं 18,000. आम्ही तिघं: लातूरकर, बीडकर आणि मी परभणीचा. लातूरकर वाळूज एमआयडीसीत शिफ्टला, रात्री-बेरात्री येणारा. बीडकर स्पर्धा परीक्षेची तयारी करायचा, दिवसभर अभ्यासिकेत, खोलीवर फक्त झोपायला. प्रत्येकानं एका चिठ्ठीवर तिन्ही खोल्यांची आपल्या लेखी किंमत लिहायची. अट एकच, तिन्हींची बेरीज बरोबर 18,000 झाली पाहिजे. चिठ्ठ्या एकाच वेळी उघडायच्या, कारण आधी बोलून दाखवलं की दुसरा आपला आकडा बदलतो.

लातूरकरानं लिहिलं: अटॅच 9,500, बाल्कनी 4,500, लहान 4,000. माझं: 9,000, 5,000, 4,000. बीडकराचं: 6,200, 6,000, 5,800. त्याला तिन्ही खोल्या जवळपास सारख्याच.

आधी खोल्या ठरवायच्या. ज्या वाटपात प्रत्येकानं स्वतःला मिळालेल्या खोलीला लावलेल्या किमतींची बेरीज सगळ्यात मोठी येते, ते वाटप घ्यायचं. तिघांत सहाच वाटपं होतात, कागदावर पाच मिनिटांत निघतात. आमचं निघालं: लातूरकराला अटॅच, मला बाल्कनी, बीडकराला लहान. 9,500 अधिक 5,000 अधिक 5,800, म्हणजे 20,300.

मालकाला द्यायचे 18,000, म्हणजे 2,300 जास्तीचे. ते तिघांत सारखे वाटून प्रत्येकाच्या किमतीतून 767 वजा करायचे, एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. आम्हीही थांबणार होतो. लातूरकर 8,733, मी 4,233, बीडकर 5,033. प्रत्येकाला स्वतःच्या अंदाजापेक्षा सारखीच सूट, दिसायला अगदी चोख.

पण बीडकर म्हणाला, "अरे, बाल्कनीची खोली मी सहा हजाराची धरली होती. ती तुला बेचाळीसशेला, अन् मी लहान खोलीचे पाच हजार देऊ?" त्याचं शंभर टक्के खरं होतं. लहान खोली बाल्कनीच्या खोलीहून महाग पडत होती. मी बाल्कनीला कमी किंमत लावली होती, म्हणून मला ती स्वस्तात मिळत होती. चूक कोणाची नव्हती, सगळ्यांना सारखी सूट दिली की हा धोका असतोच.

म्हणून सूट वाटून झाली की एक तपासणी न चुकता करायची. प्रत्येकानं दुसऱ्याची खोली दुसऱ्याच्या भाड्यात मनात घेऊन बघायची: आपल्या अंदाजाच्या किमतीतून ते भाडं वजा केलं तर आपल्या खोलीपेक्षा जास्त उरतंय का? बीडकराला स्वतःच्या खोलीत 767 उरत होते, माझ्या खोलीत 1,767. उरतंय, म्हणजे वाटणी अजून बसलेली नाही.

दुरुस्ती अशी. बीडकराच्या लेखी दोन्ही खोल्यांत फरक 200चा, म्हणून माझं भाडं त्याच्यापेक्षा किमान 200नं जास्त हवं. माझ्या लेखी तोच फरक 1,000चा, त्याहून जास्त झालं तर मीच लहान खोली मागेन. अटॅच आणि बाल्कनीत माझा फरक 4,000, लातूरकराचा 5,000. त्या दोन खोल्यांच्या भाड्यातला फरक या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेही चालतो. आम्ही बोलून लहान आणि बाल्कनीत 500चा, बाल्कनी आणि अटॅचमध्ये 4,400चा फरक धरला. मग लहान खोली 4,200, बाल्कनी 4,700, अटॅच 9,100. बेरीज बरोबर 18,000. लातूरकरानंही लहान खोली मनात घेऊन बघितली. तिथं त्याला तोटाच होता.

अटॅच खोली मलाही हवी होती, हे लपवत नाही. पण चिठ्ठीत मी तिचे 9,000च लिहिले होते, आणि ती 9,100ला गेली. त्या भावात मला ती नकोच होती, हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. म्हणून मनात काही राहिलं नाही.

फ्रान्सिस सू नावाच्या गणितज्ञानं 1999 साली याच प्रश्नावर लेख लिहिला. काही साध्या अटी पाळल्या तर प्रत्येकाला वेगळी खोली पसंत पडेल असे भाव निघतातच, हे त्यानं सिद्ध केलं. तुमच्यात आकडेमोडीचा कंटाळा असेल तर तोंडीही करता येतं. भाव मांडा, प्रत्येकाला "या भावात कोणती?" असं विचारा. दोघांनी एकच खोली मागितली की तिचा भाव दोनशेनं वाढवा आणि बाकी दोन्हींचा शंभर-शंभरनं कमी करा. तिघांनी वेगळ्या खोल्या मागेपर्यंत चालू ठेवा. मात्र खरं बोललं तरच हे जमतं. खोली स्वस्तात पडावी म्हणून कोणी मुद्दाम कमी आकडा लिहिला, तर ती खोली दुसऱ्याकडे जाऊ शकते, हे आधीच सांगून टाका.

चिठ्ठ्या लिहिण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट करा, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही. एक, बाल्कनीत सगळ्यांचे कपडे वाळणार का? वाळणार असतील तर त्या खोलीतून रोज दोघांची ये-जा, मग तिचा भाव उतरतो. आम्ही हे आधी बोललो नव्हतो. पहिल्याच आठवड्यात माझी दुपारची झोप गेली, आणि शेवटी दोऱ्या हॉलच्या खिडकीला बांधल्या. दुसरं, पाहुणा आला किंवा कॉमनचा नळ कोरडा पडला तर अटॅच बाथरूम बाकीच्यांना उघडं का? आमच्याकडे उघडं नव्हतं, म्हणून लातूरकरानं 9,500 लिहिले.

विजेचं बिल या हिशेबात घालू नका. ज्याच्या खोलीत एसी असेल त्यानं सबमीटर लावून घ्यावा. महावितरणचा दर युनिट वाढले की पुढच्या टप्प्यात चढतो, त्यामुळे एकाच्या एसीनं सगळ्यांचं बिल फुगतं. डिपॉझिट मात्र भाड्याच्याच प्रमाणात भरा. ठरलेले आकडे व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून ठेवा आणि 11 महिन्यांचा करार संपेपर्यंत त्यांना हात लावू नका. मध्येच कोणी खोली सोडली तर नव्या माणसाला जुना भाव गळ्यात घालू नका, पुन्हा तीन चिठ्ठ्या लिहा.