लिफ्टची ओळ कॉपी-पेस्ट करू नकोस

फायर अलार्मचं मॅट्रिक्स, म्हणजे कुठला डिटेक्टर वाजला की काय काय घडायला हवं याचा तक्ता, भरायला बसलास की सगळ्यात आधी ग्राउंड फ्लोअरच्या लिफ्ट लॉबीतल्या स्मोक डिटेक्टरची ओळ वेगळी काढ. बाकी मजल्यांच्या ओळी जवळपास सारख्याच असतात: हूटर वाजतो, त्या मजल्याचा एएचयू, म्हणजे एसीची हवा फिरवणारं युनिट, थांबतो, जिन्यात धूर शिरू नये म्हणून हवेचा दाब वाढवणारा प्रेशरायझेशन फॅन सुरू होतो आणि लिफ्ट ग्राउंडला येऊन दार उघडून थांबतात. म्हणून लोक एक ओळ लिहून खाली ओढत नेतात आणि तिथेच घात होतो. आग ग्राउंडच्या लॉबीतच असेल, तर हीच ओळ माणसांना थेट धुरात उतरवते. या एका डिटेक्टरसाठी लिफ्ट ठरवून दिलेल्या पर्यायी मजल्यावर, समजा पहिल्यावर, जायला हवी. त्यासाठी लिफ्ट कंट्रोलरला वेगळा सिग्नल, म्हणजे वेगळा रिले लागतो. तो वायरिंगच्या आधीच माग.

एका चौदा मजली इमारतीत आम्ही त्या डिटेक्टरवर टेस्ट स्प्रे मारला. पॅनलवर ‘लिफ्ट’चा दिवा लागला, शीटवर टिकही झाली. पण लिफ्ट आली ती आमच्यासमोरच. दोन्ही रिले एकाच टर्मिनलला जोडलेले होते.

तेव्हा दिव्यावर टिक करू नकोस. एकाला पहिल्या मजल्यावर उभा कर आणि दार तिथे उघडल्याचं त्याच्याकडून ऐकूनच सही कर. हवेच्या डक्टमधला धूर अडवणाऱ्या डॅम्परचंही तसंच: पातं बंद झालेलं डोळ्यांनी बघ.