उजळणीला कात्री कशाला?

‘ताई, मी बारावी सायन्सला आहे. ५ दिवस तापात गेले, लगेच दादाचं लग्न, त्यात ४. रोज ५ तास बसायचे, म्हणजे ४५ तास बुडाले. आता १५ दिवस रोज ८ तास बसून भरून काढायचं ठरवलंय. उजळणी तेवढी थांबवलीय. शेजारी माग आहेत, दिवसभर खडखडाट, म्हणून रात्रीच बसते. पण बारा वाजले की डोळे मिटतात. वेळापत्रक कसं बसवू?’
– पूर्वभाग, सोलापूर

‘उजळणी तेवढी थांबवलीय’! किती सहज लिहून गेलीस गं. ९ दिवस पुस्तक बंद, त्यावर आणखी १५ दिवस जुन्या धड्यांकडे बघणार नाहीस. बुडालेले दोन हाती येईपर्यंत पक्के झालेले चार निसटतील.

उद्यापासून दिवसाचा पहिला तास उजळणीचा, आणि तो खडखडाटातच. हात चालू असला की आवाज तितका खुपत नाही. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर रोटेशनल डायनॅमिक्सची सूत्रं आणि एक डेरिव्हेशन आठवेल तसं लिही. मग ताडून बघ. बरोबर आलं ते सोड, अडलीस तेवढंच वाच, आणि तीन दिवसांनी तेवढंच पुन्हा कोऱ्या कागदावर. नुसतं वाचत बसलीस तर सगळं ओळखीचं दिसतं आणि येतंय असं वाटतं; पेपरात मात्र पहिल्या ओळीनंतर पेन थांबतं.

राहिले ते ४५ तास. ते भरायचेच नाहीत. त्या ९ दिवसांत काय करणार होतीस ते काढून बघ. नोट्स सुवाच्य उतरवणं, सोडवलेली गणितं परत सोडवणं, यावर सरळ काट मार. नव्याने शिकायचं होतं तेवढं ठेव. समजा इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन आणि सेमीकंडक्टर उरले, आणि वर्गात एसी सर्किट्स चालू आहे. मग आधी इंडक्शन, तेही सुरुवातीला अख्खं नको: सेल्फ इंडक्शन, e = −L dI/dt, आणि फिरत्या कॉइलमधला ईएमएफ साइनसारखा का बदलतो, एवढंच. हे नसेल तर X_L = ωL नुसतं पाठ होईल आणि इंडक्टरमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे का, हे गणितात दर वेळी चुकेल. सेमीकंडक्टरवाचून एसीचं काही अडत नाही, तो खुशाल शेवटी ढकल.

दिवस ५ तासांचाच ठेव: १ उजळणी, ३ चालू अभ्यास, १ बुडालेलं. ताप नुकताच उतरलाय, तेव्हा पहिले तीन-चार दिवस बुडालेल्याचा तास गाळलास तरी चालेल. रविवारची दुपार मोकळी सोड. आठवड्यात सांडलेलं तिथे भर.

आठ तासांचा तो कागद आज रात्री फाड आणि साडेदहाला झोप.