बाणाई गडाच्या अर्ध्यावरच का राहिली?

प्रश्न: नमस्कार दादा. मी अमळनेरला एम.ए. करते. सिद्धान्ताच्या पेपरला निबंध आहे: पवित्र कथांचा अर्थ लावताना संरचनावादी आणि ऐतिहासिक दृष्टींची तुलना. उदाहरण म्हणून आपली खानदेशातली देवी कानबाई घेतली. चार पानं लेव्ही-स्ट्रॉस, चार पानं इतिहास, आणि शेवटी "दोन्ही दृष्टी परस्परपूरक आहेत". मॅडम म्हणाल्या, यात तुलना कुठे आहे? आता काय करू?

उत्तर:

ताई, तुमच्या मॅडमचं बरोबर आहे. दोन ताटं शेजारी वाढली म्हणजे तुलना झाली असं होत नाही. पण आधी कानबाईबद्दल बोलतो, कारण अर्धी अडचण तिथेच आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी नदीवर जाते, रोट होतात, गाणी होतात. विधी भरगच्च आहे, पण सुरुवात-मध्य-शेवट असलेली आणि गावोगाव वेगळी सांगितली जाणारी लांब कथा तुमच्या हाताशी नाही. विधीचा निबंध लिहायचा असता तर मीच म्हटलं असतं कानबाई घ्या. कथेचा अर्थ लावायचा तर खंडोबा घ्या. जेजुरी आपल्यापासून लांब असली तरी घरोघर तळी भरली जाते, चंपाषष्ठीला भरीत-रोडगा होतो (भरिताला आपल्याकडे निमित्त लागत नाही, ती गोष्ट वेगळी), आणि कथाही ऐकायला मिळते.

कथेतला बाणाईचा भाग थोडक्यात असा. म्हाळसा ही नेवाशाच्या लिंगायत वाण्याची मुलगी, खंडोबाची रीतसर लग्नाची बायको. सारीपाटात खंडोबा तिच्याकडून हरतो आणि घर सोडून जातो. धनगराच्या वाड्यावर म्हाताऱ्याच्या वेषात मेंढरं राखायला राहतो. पुढे तीच मेंढरं मारतो आणि धनगर मुलगी द्यायला कबूल झाल्यावर जिवंत करतो. ती मुलगी बाणाई. तिला घेऊन जेजुरीला आल्यावर सवतींचं भांडण होतं. देव आणि म्हाळसा गडावर राहतात, बाणाईला गडाच्या पायऱ्यांवर, अर्ध्या वाटेत जागा मिळते. आजही तिचं देऊळ तिथेच आहे.

निबंधासाठी एवढाच तपशील धरा: बाणाई अर्ध्यावर का? दोन्ही दृष्टींना हाच एक प्रश्न विचारा, म्हणजे त्यांना एकमेकींसमोर उभं राहावंच लागेल.

दोघींत खरा फरक आहे तो कथेच्या पाठभेदांचं काय करायचं याबाबत. ऐतिहासिक दृष्टीचा अभ्यासक पाठभेद काळाच्या क्रमाने लावतो: कुठला जुना, कुठला नंतरचा, कोणी आणि कशासाठी भर घातली. रा. चिं. ढेरे किंवा गुंथर सोन्थायमर यांचं खंडोबावरचं काम वाचताना देवाचे एकावर एक बसलेले थर दिसतात. संरचनावादी लेव्ही-स्ट्रॉस १९५५ च्या, ईडिपस या ग्रीक मिथकावरच्या लेखात उलट म्हणतो: मूळ पाठ शोधत बसू नका, सगळे पाठ मिळून मिथक होतं. फ्रॉइडने ईडिपसचा लावलेला अर्थसुद्धा तो त्या मिथकाचाच एक पाठ धरतो! तुमच्या निबंधाचा कणा हा मतभेद आहे. "एक काळाबाहेर बघते, एक काळात बघते" असं मोघम लिहू नका, पाठभेद हातात घेऊन दाखवा.

आधी संरचनेच्या बाजूने. प्रत्येक घटना एका चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठ्या आडव्या वाचल्या की कथा, सारख्या घटना एकाखाली एक लावून उभ्या वाचल्या की रचना. एका स्तंभात पेठ, वाणी, रीतसर लग्न, गडाचा माथा. दुसऱ्यात रान, धनगर, हट्टाने मिळवलेली बायको, गडाखालचा मुलूख. खंडोबा या दोन्हींत ये-जा करतो, पण दोन बायका एका घरात नांदवणं त्यालाही जमत नाही. म्हणून बाणाई ना रानात उरते, ना माथ्यावर पोचते. कॅनडाच्या वायव्य किनाऱ्यावरच्या त्सिम्शियन लोकांच्या असदिवाल या कथेचं लेव्ही-स्ट्रॉसने केलेलं विश्लेषण मिळालं तर वाचा. तिथे नायक शेवटी डोंगरावर अडकतो, ना वर जाता येतं ना खाली उतरता येतं, आणि तिथेच दगड होतो. हा योगायोग मला फार आवडतो, पण "म्हणजे दोन्ही कथा एकच" असं लिहू नका. त्यावर परीक्षक लाल शाई ओतेल, आणि ओतावीच.

इथपर्यंत सगळे येतात. पुढे एक सापळा आहे: विरोधी जोड्या कुठेही सापडतात. बसच्या वेळापत्रकातही सापडतील. मग तुमची जोडी कथेत आहे की तुमच्या डोक्यात, हे कळायचं कसं? दुसरा पाठ उघडून बघायचा. तेलंगणात खंडोबाचंच रूप मानल्या जाणाऱ्या कोमुरवेल्लीच्या मल्लन्नाच्या एका बाजूला मेडलम्मा असते, ती लिंगायत बलिज, म्हणजे व्यापारी घरातली, आणि दुसऱ्या बाजूला केतम्मा, गोल्ला म्हणजे गुराखी-मेंढपाळ घरातली. कर्नाटकातल्या मैलार या त्याच देवाच्या रूपाच्या परंपरेतही कुरुब या मेंढपाळ समाजातली बायको आहे. नावं बदलली, भाषा बदलली, तरी व्यापारी-मेंढपाळ ही जोडी टिकली. जेजुरीची जोडी फक्त जेजुरीतच भेटली असती तर ती मोडीत काढा असं मी म्हटलं असतं.

आता ऐतिहासिक दृष्टीला बोलू द्या, आणि तिला इथेच अडवू द्या. ती विचारेल: ही जोडी तीन भाषांत आहे ती माणसाचं मन जोड्यांनी विचार करतं म्हणून, की दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात पेठेतला वाणी आणि रानातला मेंढपाळ यांचा खरोखरच रोजचा व्यवहार होता म्हणून? धान्य, लोकर, मेंढ्या बसवून शेताला मिळणारं खत, हे सगळं हातोहात चालायचं. आपल्या साक्रीकडचे ठेलारी मेंढरं घेऊन बाहेर पडतात तेव्हा शेतकऱ्याशी होणारा व्यवहार आजही याच जातीचा आहे. शिवाय तिच्याकडे एक धारदार हत्यार आहे: काळाची मर्यादा. लिंगायत पंथ १२व्या शतकातला. म्हणजे "लिंगायत वाण्याची मुलगी म्हाळसा" हे रूप त्याआधीचं असू शकत नाही. यावर संरचनावाद्याला काही बोलता येत नाही. मात्र यातून एवढंच सिद्ध होतं की हे लेबल १२व्या शतकानंतरचं. म्हाळसा स्वतः जुनी असेल आणि तिची जात नंतर ठरली असेल. विद्यार्थी लेबलाची तारीख काढतात आणि देवीची तारीख म्हणून लिहितात.

ऐतिहासिक बाजूची दुसरी चूक जास्त मोहक आहे. मल्हारराव होळकर लहानपणी आपल्या खानदेशात, तळोद्याला मामाकडे वाढले. होळकर धनगर, खंडोबा त्यांचं दैवत, १८व्या शतकात जेजुरीच्या बांधकामांना त्यांचा मोठा आश्रय. मग लगेच वाक्य सुचतं: "होळकरांच्या काळात धनगरांची प्रतिष्ठा वाढली म्हणून कथेत बाणाई आली." ऐकायला छान, पण कोमुरवेल्लीची केतम्मा आणि मैलाराची कुरुब बायको होळकरांनी आणली नाही. मेंढपाळ बायको तीन प्रदेशांत आहे, तेव्हा एका घराण्याने ती पुरवता येत नाही. होळकरांच्या आश्रयाने फार तर तिच्या देवळाचं स्थान आणि थाट समजेल. म्हणून इथे प्रत्यक्ष काम करा. जेजुरीला दोन ठिकाणं आहेत: वरचं जुनं कडेपठार आणि खालचा गडकोट. कडेपठारावर जाऊन बाणाईची जागा बघा, तिथल्या पुजाऱ्यांना विचारा. तिथेही ती खालीच असेल तर "पायऱ्या बांधल्या तेव्हा सोयीची जागा मिळाली" हे ऐतिहासिक स्पष्टीकरण लंगडं पडेल. नसेल तर संरचनेच्या बाजूला उत्तर द्यावं लागेल. निकाल आधी ठरवून जाऊ नका.

आणखी एक जागा आहे जिथे दोघी सरळ भिडतात: खंडोबाचं सासऱ्याच्या दारी राबणं. साधा इतिहासवादी म्हणेल, ही घरजावयाच्या चालीची आठवण. आपल्या सातपुड्यातल्या भिलांत देज, म्हणजे मुलीच्या घरी द्यायचं धन, देता आलं नाही की मुलगा सासऱ्याकडे काम करून ते फेडतो, तेव्हा कल्पना अगदी हवेतली नाही. पण असदिवालच्या कथेत नायक बायकोच्या गावी राहतो, आणि प्रत्यक्ष त्सिम्शियन समाजात बायको नवऱ्याकडे नांदायला जाते. लेव्ही-स्ट्रॉसचं म्हणणं असं की कथा समाजाचा फोटो काढत नाही. कधी कधी ती उलटी रीत मांडून, ती केली तर काय होईल, हे तपासते. म्हणून कथेतली चाल पाहून "पूर्वी अशी चाल होती" असं लिहायचं असेल तर कथेबाहेरचा पुरावा हवा: लेख, दप्तर, निदान त्याच समाजातली नोंद. भिलांची चाल धनगरांना लावून चालणार नाही.

एक गोष्ट मात्र दोघींच्याही हातून निसटते. पारोळ्याकडे मी दोन जागरणं ऐकली, वाघ्या एकच. मेंढपाळांच्या वस्तीवर सवतींच्या भांडणात बाणाईने म्हाळसेला असं काही सुनावलं की बाया हसून लोळल्या. पुढच्या आठवड्यात गावातल्या दुकानदाराच्या घरी त्याच भांडणात म्हाळसेची सरशी झाली. मी नंतर विचारलं तर वाघ्या म्हणाला, "भो, ज्याना घरमा तळी, त्यानी बायको जिंकस." संरचनावादी म्हणेल दोन पाठ, दोन्ही धरा. इतिहासकार विचारेल जुना कोणता. दोन्ही पाठ एकाच माणसाच्या तोंडी आठ दिवसांच्या अंतराने आले, त्याचं काय? याला एक परिच्छेद द्या, जास्त नको, नाहीतर निबंधाचा विषयच बदलेल.

लिहिताना पहिल्याच पानावर बाणाईचा प्रश्न ठेवा. लेव्ही-स्ट्रॉसचं चरित्र नको, "मिथक म्हणजे काय" वर दोन पानं नकोत. प्रबंध-विधान सुचवतो, आवडलं तर तुमच्या शब्दांत बदला: तीन प्रदेशांत टिकलेली व्यापारी-मेंढपाळ जोडी संरचनेच्या दृष्टीने नीट दिसते, पण तिच्या एका टोकाला लिंगायत वाणीच का, हे फक्त इतिहासाने कळतं. म्हणजे कोणत्या प्रश्नाला कोण उत्तर देतं, हे नावानिशी ठरलं. "परस्परपूरक" हा शब्द खोडून टाका.

मसुदा झाला की इथेच टाका. कडेपठारावरून आलात तर आधी ते सांगा.