वडील निवृत्त होऊन आठ महिने झाले. पीएफ मिळाला, पण पेन्शन अडकलंय. स्मरणपत्रात आधीचे सगळे फॉर्म आणि पाठपुरावा परत लिहायचा का? कसं लिहू?

लिहायचा. प्रत्येक फॉर्म, त्याची तारीख आणि आवक क्रमांक. पण त्याआधी एक तपासा, कारण आमच्यासारखंच झालं असेल तर नुसत्या आठवणीने काही हलणार नाही.

मी एमआयडीसीतल्या फाउंड्रीत पॅटर्न शॉपला होतो. १९९७ ते २०१३ एका कारखान्यात, मग ऑक्टोबर २०१४ पासून दुसऱ्या. २०२३ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाली. फॉर्म १९ भरला, पीएफची रक्कम आली. पेन्शनचा फॉर्म १०डी मात्र परत आला. शेरा: सेवा दहा वर्षांपेक्षा कमी. म्हणजे शेवटच्या कारखान्यातली नऊच वर्षं धरली होती, आधीची सोळा हिशेबातच नव्हती. नोकरी बदलताना मी फॉर्म १३ दिला होता, जुना पीएफ नव्या खात्यात जमाही झाला होता. पण पैसे सरकले तरी पेन्शनची सेवा आपोआप सरकत नाही. ती जुन्या पीएफ कार्यालयाकडून येणाऱ्या ‘अनेक्श्चर के’मधून नोंदवली जाते, आणि तो कागद आला तरी कुणी नोंदवला नव्हता किंवा आलाच नव्हता.

काउंटरवरचा माणूस म्हणाला, “१०सी भरा, एकरकमी घ्या आणि मोकळे व्हा.” मेहुण्याने तीच री ओढली. हा मेहुणा म्हणजे जगातल्या प्रत्येक कार्यालयात त्याच्या ओळखीचा एक माणूस असतो! हिशेब करा. पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि सत्तरने भागायचं. सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना पगाराची मर्यादा ६,५०० ची, नंतरच्या वर्षांना १५,००० ची. सोळा वर्षांचे साधारण १,४८५ आणि नऊ वर्षांचे १,९२८. वीस वर्षांवर सेवा गेली की दोन वर्षं वाढवून मिळतात, ती वेगळी. म्हणजे महिना साडेतीन हजारांच्या वर, आणि माझ्यानंतर बायकोला त्यातला अर्धा वाटा. १०सीत एकदाच मिळणार होते दीड लाखाच्या आत. ते तीन-साडेतीन वर्षांच्या पेन्शनमध्येच वसूल. १०सी घेतला की तेवढी सेवा संपली, पेन्शनचा विषय बंद. मी नाही म्हणालो.

मग स्मरणपत्र लिहिलं. ‘कृपया लवकर करावे’ असलं काही नाही. क्षेत्रीय पीएफ आयुक्तांच्या नावे, एका पानात:

“फॉर्म १३ दि. … आवक क्र. …, पीएफ वर्ग झाल्याची नोंद पासबुकात दि. …, फॉर्म १०डी दि. …, दावा क्र. …, परत दि. …, तक्रार नोंदणी क्र. … . मागील सेवेचा अनेक्श्चर के मागवून सेवा नोंदवावी व दावा पुन्हा विचारात घ्यावा. तो आपल्याकडे आला नसल्यास तसे लेखी कळवावे.”

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ‘आला नाही’ असं लेखी मिळालं की तो कागद घेऊन जुन्या कार्यालयाकडे बोट दाखवता येतं. मी तेच केलं. जुन्या कारखान्याकडून नोकरी सोडल्याची तारीख आणि वर्षवार पगाराचा उतारा जोडला. तिकडून अनेक्श्चर के निघाला आणि पेन्शन मागच्या थकबाकीसकट सुरू झालं.

पत्र हाताने द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या. तीच माहिती epfigms.gov.in वर टाका, तिथला नोंदणी क्रमांक पुढच्या पत्रात येतो. दर महिन्याच्या २७ तारखेला ‘निधी आपके निकट’ शिबिर असतं, तिथे सगळे कागद घेऊन जा. एजंट नको. त्याच्याकडे तुमच्या आवक क्रमांकाइतकंही काही नसतं. मेहुणा अजून म्हणतो, ओळखीने लवकर झालं असतं. त्याच्या ओळखीच्या माणसाला अनेक्श्चर के काय ते विचारलं, तर तो म्हणाला, “ते आत असतं.”

तेव्हा वडिलांच्या पीएफ खात्यात लॉगिन करून `Service History` बघा. जुनी नोकरी दिसत नसेल किंवा तिथे सोडल्याची तारीख कोरी असेल, तर पत्रात तेच मागा. सगळं बरोबर असेल, तर वीस दिवसांत दावा निकाली काढण्याचा नियम आणि उशिराबद्दल बारा टक्के व्याजाची तरतूद लिहा. फक्त ते दिवस कागद पूर्ण झाल्यापासून मोजतात, म्हणून परत आलेल्या दाव्यावर ते लावता येत नाहीत.

आणि वडिलांची एकूण सेवाच खरोखर साडेनऊ वर्षांच्या आत असेल तर १०सीच योग्य, मग काउंटरवाला बरोबर. राज्य सरकारी नोकरी असेल तर यातलं काहीच लागू नाही, त्यांची फाइल महालेखापालांकडे जाते.