रिटायरमेंटला १ कोटी लागतील की ५ कोटी?

प्रश्न: नमस्कार मॅडम, माझं वय ४५, प्रायव्हेट नोकरी, ६० ला रिटायर होणार. महिन्याचा खर्च ७० हजार, त्यात होम लोनचा ईएमआय २० हजार (अजून ९ वर्षं) आणि मुलांच्या शाळा-क्लासचे १२ हजार. पीएफमध्ये २२ लाख आहेत, म्युच्युअल फंडात १० लाख, एफडी ५ लाख. एक मित्र म्हणतो १ कोटी पुरे, ऑफिसमधले सिनियर म्हणतात ५ कोटी पाहिजेत. नेमकं कोणाचं धरू? आणि पीएफमधून ५ लाख काढून घराची डागडुजी करायचा विचार आहे, करू का?

उत्तर: दोघांचंही धरू नका. पण ते आकडे कुठून येतात ते बघा, म्हणजे तुमचा हिशोब आपोआप सुटेल.

सिनियरांनी बहुतेक पूर्ण ७० हजार धरलेत. पण साठीनंतर ईएमआय नसणार, मुलांची फी नसणार, म्हणजे ३२ हजार थेट गेले आणि उरले ३८. त्यात मी ७ हजार वाढवते, कारण आज ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम आहे म्हणून औषधपाणी, हेल्थ इन्शुरन्सचा प्रीमियम खर्चात दिसतच नाही, रिटायर झालात की तो स्वतःच्या खिशातून. म्हणजे आजच्या भावाने ४५ हजार महिना. हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, यावर एक रविवार घालवा, बँक स्टेटमेंट समोर ठेवून दोघांनी बसा, कारण इथे १ हजार चुकले तर पुढे साडेसात लाखांचा फरक पडतो.

आता महागाई. ६ टक्के धरली तर १५ वर्षांत खर्च साधारण २.४ पट होतो, म्हणजे ४५ हजाराचे १ लाख ८ हजार महिना, वर्षाला जवळपास १३ लाख. तुमच्या मित्राने नेमकं हेच सोडलंय, १ कोटीवर एफडीचं व्याज साधारण ६ लाख, आजचा खर्च भागतो, झालं. पण तो खर्च १५ वर्षांनी तेवढाच राहणार नाही आणि त्यानंतरही दरवर्षी वाढतच जाणार.

म्हणून ६० ते ९० अशी ३० वर्षं धरते, मिसेसचाही विचार हवा ना. रिटायरमेंटनंतर पैशावर टॅक्स जाऊन ७ टक्के मिळाले आणि महागाई ६ राहिली तर पहिल्या वर्षाच्या खर्चाच्या २६ पट रक्कम लागते. १३ गुणिले २६, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख. हाच हिशोब ७० हजारावर केला की ५ कोटी ३० लाख येतात, सिनियरांचे ५ कोटी ते हेच.

आता जमेची बाजू. आजचे २२ लाख त्या ३ कोटी ४० मधून सरळ वजा करू नका, ते १५ वर्षं वाढणार आहेत. पीएफवर ८ टक्के धरले तर २२ चे ७० लाख होतात. दर महिन्याला जमा होणारी रक्कम तुम्ही लिहिली नाही, मी बेसिक ५० हजार समजते, म्हणजे तुमचे ६ हजार आणि कंपनीचे ४,७५०, कारण कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शन स्कीमला जातात. पगार वर्षाला ५ टक्के वाढला तर यातून अजून ४८ लाख. फंडातल्या १० लाखांचे १० टक्क्यांनी ४२ लाख. एफडी मी मोजतच नाही, ती अडीअडचणीला राहू द्या. एकूण १ कोटी ६० लाख. ईपीएस पेन्शन पूर्ण सर्व्हिस झाली तरी महिना ७ हजार ५०० च्या आसपास आणि ती महागाईबरोबर वाढत नाही, म्हणून तीही वर राहू द्या.

कमी पडतात १ कोटी ८० लाख. फिक्स एसआयपी केली तर आजपासून महिना ४३ हजार लागेल, जे ईएमआय चालू असताना जमणार नाही. त्याऐवजी २५ हजाराने सुरू करा आणि दरवर्षी १० टक्के वाढवा, १० टक्के रिटर्न धरून तेवढ्यात भागतं. दहाव्या वर्षी ती ५९ हजार होईल, आकडा मोठा वाटतो, पण तोपर्यंत ईएमआय संपलेला असेल आणि ते २० हजार तिकडे वळवता येतील, नाहीतर ते खर्चात कधी मुरतात कळत पण नाही. २५ पण जमत नसेल तर १८ ने सुरू करा, पण मग ६० ऐवजी ६२ चा विचार आत्ताच करून ठेवा.

डागडुजीला पीएफ काढू नका. आजचे ५ लाख म्हणजे साठीला जवळपास १६ लाख, ते भरून काढायला एसआयपी अजून २,२०० ने वाढवावी लागेल, तीही दरवर्षी १० टक्के वाढत जाणारी. छत गळत असेल तर तेवढंच आत्ता एफडीतून करा आणि एफडी परत भरा, टाइल्स-किचन बोनस येईल तसं.