फॅट सेल मरत नाहीत म्हणतात, ते कितपत खरं?

प्रश्न: मी खानापूरची, वय ३९. आठ महिन्यांत वजन ७८ वरून ६६ वर आणलं. गणपतीपासून तीन महिन्यांत चार किलो परत चढलंय, अजून वाढालंय. भूक आधीपेक्षा जास्त लागालीय. जिमवाले सांगतात, फॅट सेल मरतच नाहीत, नुसत्या वाट बघत बसतात. खरं आहे का? मग लायपोसक्शनने काढूनच टाकल्या तर? आणि मुलगी नववीत आहे, तीही अंगाने भरत चाललीय, तिचं काय करू?

उत्तर:

ताई, तुमचे जिमवाले अर्धं बरोबर सांगताहेत. पेशी मरतात. पण जेवढ्या मरतात तेवढ्याच नव्या तयार होतात, म्हणून एकूण आकडा हलत नाही. हा फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

मी बरीच वर्षं बेळगावात पॅथॉलॉजीत होतो, बायोप्सीचे काचतुकडे बघणं हेच काम. चरबीचा तुकडा नेहमीच्या पद्धतीने अल्कोहोल आणि झायलिनमधून काढला की आतलं तेल विरघळून जातं. मग सूक्ष्मदर्शकाखाली नुसतं पांढरं जाळं दिसतं, एकाला एक चिकटलेली रिकामी कडी. प्रत्येक कड्याच्या कडेला एक चपटा जांभळा ठिपका असतो, ते केंद्रक. तेलाच्या एकाच मोठ्या थेंबाने ते ढकलून भिंतीला लावलेलं असतं. दोन कड्यांच्या मधून बारीक रक्तवाहिन्या जातात आणि त्यांच्या कडेला अजून तेल न भरलेल्या, लहान, होतकरू पेशी असतात. जाड माणसाच्या पोटातल्या चरबीत कधीकधी एखाद्या कड्याभोवती लहान पेशींचा वेढा पडलेला दिसतो. ती मेलेली चरबीपेशी, आणि भोवती तिला साफ करायला आलेल्या भक्षक पेशी. म्हणजे मरणं डोळ्यांनी दिसतं.

किती मरतात हे मोजायचं कसं, हा खरा पेच होता. तो स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या कर्स्टी स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली सोडवला, आणि तोही अणुबॉम्बच्या मदतीने. १९५५ ते १९६३ या काळात उघड्या हवेत अणुचाचण्या झाल्या आणि हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचं किरणोत्सारी रूप, जवळपास दुप्पट झाला. अशा चाचण्या थांबवण्याच्या १९६३ च्या करारानंतर तो वर्षागणिक कमी होत गेला. हवेतून तो पिकात येतो, पिकातून आपल्या ताटात. पेशीतलं तेल सतत बदलत असतं, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. पण पेशीचा डीएनए तिच्या जन्माच्या वेळी बनतो आणि तसाच राहतो. त्यातला कार्बन-१४ मोजला की पेशी साधारण कोणत्या साली जन्मली ते कळतं. त्यातून निघालं असं, की प्रौढ माणसाच्या दर शंभर चरबीपेशींपैकी साधारण दहा दर वर्षी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. बारीक माणसात काय, जाड माणसात काय, हा वेग सारखाच. याच अभ्यासात जठराची शस्त्रक्रिया करून भरपूर वजन उतरवलेल्यांच्या पेशी शस्त्रक्रियेआधी आणि दोन वर्षांनी मोजल्या होत्या. पेशी चांगल्याच बारीक झाल्या होत्या, संख्या मात्र तेवढीच.

आता तुमचंच गणित मांडू. आकडे ढोबळ आहेत. ७८ किलो असताना अंगात ३१ किलो चरबी होती असं धरू आणि पेशी ४००० कोटी. एका पेशीची रुंदी निघते साधारण ११७ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा थोडी जास्त. ६६ किलोवर आलात तेव्हा चरबी समजा २१ किलो राहिली. पेशी तेवढ्याच, रुंदी १०३ मायक्रॉन. चरबी एक तृतीयांश गेली तरी पेशीची रुंदी जेमतेम बारा टक्के कमी झाली, कारण गोळ्याचं आकारमान रुंदीच्या घनात वाढतं-घटतं. आणि या आठ महिन्यांत तुमच्या अंगात रोज एक कोटीच्या वर पेशी मरत होत्या आणि तेवढ्याच जन्माला येत होत्या. त्यामुळे 'वाट बघत बसलेल्या' जुन्या पेशी हे चित्र पूर्ण खरं नाही. दहा वर्षांत त्यातल्या बऱ्याच बदलून जातात, जागा मात्र रिकामी राहत नाही.

भुकेचं कोडं इथेच सुटतं. चरबीपेशी नुसतं तेल साठवत नाही, ती रक्तात हार्मोन सोडते. त्यातलं महत्त्वाचं लेप्टिन, न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत १९९४ साली सापडलं. भरलेली पेशी लेप्टिन जास्त सोडते, रोडावलेली कमी. मेंदू या लेप्टिनवरून अंदाज घेतो की घरात साठा किती आहे. तुमच्या ४००० कोटी पेशी एकदम रोडावल्या, आणि खाणं कमी असताना लेप्टिन चरबीच्या प्रमाणापेक्षाही जास्त खाली येतं. मेंदूला वाटतं दुष्काळ पडलाय. मग तो भूक वाढवतो आणि खर्चही आखडतो: स्नायू तेच काम कमी ऊर्जेत करतात, थायरॉइडचं काम थोडं मंदावतं, माणूस बसल्या जागी हातपायसुद्धा कमी हलवतो. मेलबर्नमधल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक आहाराने लोकांचं सरासरी साडेतेरा किलो वजन उतरवलं होतं. वर्षभरानंतरही त्यांचं लेप्टिन खालीच होतं आणि भूक आधीपेक्षा जास्तच. तुम्ही हावरट झाला आहात असं घरात कोणी म्हणत असेल तर हा परिच्छेद वाचून दाखवा.

एक सावधगिरी. ऑनलाइन 'लेप्टिन'च्या नावाने गोळ्या आणि पावडरी विकायला असतात. लेप्टिन हे प्रथिन आहे, गिळलं की डाळीतल्या प्रथिनासारखं पोटात पचून जातं. खरं औषध इंजेक्शनचं असतं, आणि तेही ज्यांच्या अंगात लेप्टिन जवळपास नाहीच अशा दुर्मिळ रुग्णांसाठी.

चार किलोंचं म्हणाल, तर सगळी चरबी नाही. कमी खाताना यकृतातला आणि स्नायूंतला साखरेचा साठा उतरतो, त्याच्याबरोबर तिप्पट पाणी जातं. मोदक, दिवाळीचा फराळ, पाहुण्यांकडचा कुंदा सुरू झाला की दोन्ही परत येतात. चारपैकी एक-दीड किलो सहज या साखर-पाण्याचेच. उरली अडीच किलो चरबी. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, नव्वद दिवसांवर वाटली तर रोजच्या दोनशे-सव्वादोनशे. दोन चपात्या जास्त. बाहेरून बघणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही एवढंच.

लायपोसक्शनने पेशींची संख्या खरोखर कमी होते. तरीही मी नको म्हणेन, आणि कारण २००४ साली अमेरिकेत झालेला एक अभ्यास. लठ्ठ बायकांच्या पोटाच्या कातडीखालून सरासरी नऊ-दहा किलो चरबी ओढून काढली. अडीच-तीन महिन्यांनी तपासलं तर इन्सुलिनचं काम, साखर, रक्तदाब, काहीच सुधारलं नव्हतं. तेवढंच वजन आहाराने उतरलं असतं तर सुधारलं असतं. दोन्हींत फरक कशाचा? आहाराने संख्या तेवढीच राहते, पण प्रत्येक पेशी लहान होते. लायपोसक्शनने संख्या घटते, पण उरलेल्या पेशी पूर्वीसारख्याच तट्ट फुगलेल्या राहतात. त्रास देते ती फुगलेली पेशी. तिला इन्सुलिनचं ऐकू येईनासं होतं, ती तेल धरून ठेवू शकत नाही आणि ते यकृतात, स्नायूंत जाऊन बसतं. दुसऱ्या एका अभ्यासात, लठ्ठ नसलेल्या बायकांवर लायपोसक्शन केल्यावर वर्षभरात काढलेली चरबी परत आली. मांड्यांत नाही, पोटावर. म्हणजे जिथे नको तिथेच.

म्हणून पेशी जास्त आहेत याची धास्ती घेऊ नका. ज्यांच्या अंगात चरबीपेशी जन्मतःच जवळपास नसतात, ते दिसायला सडसडीत असतात, पण त्यांना लहान वयात कडक मधुमेह होतो आणि यकृत तेलाने भरतं, कारण साठवायला जागाच नाही. मांड्या-नितंबांवरच्या भरपूर लहान पेशी तुमचं रक्षणच करतात. प्रौढपणीही संख्या वाढू शकते, तीही बहुतेक तिथेच: मेयो क्लिनिकच्या प्रयोगात लोकांना आठ आठवडे जास्त खायला घातलं, तेव्हा कमरेखाली नव्या पेशी तयार झाल्या, पोटावर मात्र जुन्याच फुगल्या. वाढायला अशी वाट आहे, घटायला नाही.

पेशी किती आहेत हे कुठल्याही लॅबमध्ये नेहमीच्या तपासणीत कळत नाही. जिममधलं उभं राहायचं मशीन शरीरातून बारीक वीज सोडून पाण्याचा अंदाज घेतं, पेशी मोजत नाही. त्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. वजन ७० आणि कंबर स्थिर असेल तर घाबरायचं कारण नाही. कंबरही वाढत असेल तर ते रोजचे दोनशे शोधा. माझ्या मते ६६ चा हट्ट सोडून सहा महिने ६८-६९ वर टिकून राहणं जास्त शहाणपणाचं. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी नुसतं चालणारे मी रोज बघतो, चांगलंच आहे, पण वजन टिकवायचं तर स्नायू राखायला हवेत, म्हणून आठवड्यातून दोनदा वजनं उचलाच. थायरॉइड आणि उपाशीपोटीची साखर एकदा तपासून घ्या. भुकेची औषधं आता मिळतात, ती डॉक्टरांशी बोलून, नेटवरून मागवून नाही.

मुलीचं जास्त जपून. चरबीपेशींची संख्या ठरते ती बालपणी आणि वयात येताना, विशीनंतर ती स्थिरावते. म्हणजे तिचा आकडा अजून ठरतोय. पण या वयात मुलींच्या अंगावर चरबी येणं नैसर्गिकही आहे, पाळी नियमित यायला पुरेसं लेप्टिन लागतं. तिला उपाशी ठेवू नका, तुमचा डाएट तिला लावू नका, आणि आत्या-मावश्यांना तिच्यासमोर अंगावरून बोलू देऊ नका. शाळेतून आल्यावरचे बिस्कीटपुडे आणि थंड पेयं घरात आणायची बंद करा, खेळायला पाठवा, रात्री वेळेवर झोपवा. मग दर सहा महिन्यांनी उंची आणि वजन लिहून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उंची वाढत असताना वजन नुसतं थांबलं तरी त्या वयात पुरे आहे.