पर्वरीतल्या भाड्याच्या घरासाठी भेट

तुझी मैत्रीण आणि तिचा नवरा मे महिन्यात गोव्यातल्या पर्वरीत राहायला येतायत, म्हणजे पाऊस दारातच. फ्रेम, घड्याळ नको. घरमालक भिंतीला खिळा मारू देईलच असं नाही. लाकडी शोपीसला तर जुलैत बुरशी धरते. मी कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड देईन, तोही स्टेनलेस स्टीलचाच. रंग दिलेल्या लोखंडी स्टँडला सांध्यांपाशी गंज चढतो आणि पांढऱ्या शर्टावर त्याचे डाग उमटतात, साध्या साबणाने ते जात नाहीत. आधी बाल्कनीची रुंदी विचार. स्टँड उघडल्यावर बाजूने माणूस जायला हवा. सरप्राइजचा हट्ट सोडच. त्यांनी स्टँड घेतला असेल, तर पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवून ठेवायच्या डाळी-मिरच्यांसाठी घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे दे.